नॉमिनीच्या रकान्यात कोणाचं नाव आहे?



आपल्या घरांमध्ये दुकानाचा गल्ला, सोनं आणि जागा यांचा हिशोब बायकांना तोंडपाठ असतो. शेअर आणि म्युच्युअल फंड मात्र "ह्यांचं ते बघतात" या सदरात जातात. कोणी चौकशी केलीच तर उत्तर मिळतं, "नॉमिनी लावलाय, काळजी नको." मग आपण निश्चिंत होतो, कारण नॉमिनी म्हणजे पुढचा मालक अशी आपली समजूत असते. ती समजूत चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी हे स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि ते सांगितलं ते आपल्या ओळखीच्या एका मराठी नावावरून चाललेल्या खटल्यात. माझं मत असं की तो निकाल आपल्या बाजूचा आहे. पण त्याचा उपयोग कधी होतो, आणि तो हातात असूनही बाई कुठे अडकते, हे समजून घ्यायला हवं.

आधी त्याच्याही अगोदरची गोष्ट सांगते. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयात एक विधवा बाई गेली होती. वकील मंडळी त्या निकालाला कोकाटे निकाल म्हणतात. तिच्या नवऱ्याच्या डीमॅट खात्यात शेअर होते आणि नॉमिनी म्हणून नवऱ्याने आपल्या पुतण्याचं नाव दिलं होतं. नवरा गेल्यावर तिने म्हटलं, मी बायको आहे, वारस मी आहे, शेअर मला मिळावेत. न्यायालयाने त्या वेळच्या कंपनी कायद्यातलं कलम १०९अ वाचलं. त्यात लिहिलं होतं की सभासदाच्या मृत्यूनंतर शेअर नॉमिनीकडे निहित होतील. त्या शब्दाचा अर्थ न्यायालयाने मालकी असाच लावला, आणि शेअर पुतण्याचे ठरले. एका फॉर्मवरच्या एका रकान्याने बायकोचा वारसाहक्क बाजूला सारला, असा त्याचा अर्थ होता.

पुढे हाच प्रश्न साळगावकर कुटुंबाच्या निमित्ताने परत आला. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर २० ऑगस्ट २०१३ रोजी गेले. त्यांनी २०११ साली मृत्युपत्र केलेलं होतं, आणि काही गुंतवणुकींना घरातल्याच व्यक्ती नॉमिनी होत्या. प्रश्न असा आला की म्युच्युअल फंडाचे युनिट नॉमिनींचे, की ते मिळकतीत धरून वारसांमध्ये वाटायचे? 'शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर' या नावाने तो खटला ओळखला जातो. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१५ मध्ये कोकाटे निकाल चुकीचा असल्याचं म्हटलं, २०१६ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच कायम केलं, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला.

न्यायालयाचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर असं. माणूस गेल्यावर त्याची मालमत्ता दोनच वाटांनी पुढे जाते. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. नॉमिनेशन ही तिसरी वाट नाही. कंपनीला किंवा फंडाला शेअर कोणाच्या हवाली करायचे हे लगेच कळावं, वारसांच्या भांडणात कंपनी अडकू नये, एवढ्यासाठीच ती सोय आहे. नॉमिनीने शेअर ताब्यात घ्यायचे आणि ज्यांचे आहेत त्यांना द्यायचे. शेजारी गावाला जाताना किल्ली आपल्याकडे देऊन जातात, म्हणून काही घर आपलं होत नाही, तसंच हे.

आता हे मावळातल्या एखाद्या घरात कसं घडेल ते बघू. घर काल्पनिक आहे, पण असं घर तुमच्या ओळखीत नक्की असेल. कामशेतला कापडाचं दुकान. मालक बावन्न वर्षांचे. घरात आई, पत्नी, मुलगा आणि लग्न होऊन गेलेली मुलगी. मालकांच्या एकट्याच्या नावावर डीमॅट खातं आहे आणि त्यात १२ लाखांचे शेअर आहेत. खातं लग्नाआधी उघडलं होतं, तेव्हा नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव टाकलं. पुढे लग्न झालं, मुलं झाली, पण रकान्यातलं नाव तेच राहिलं. लग्नाने नॉमिनी आपोआप बदलत नाही, हे इथे लक्षात ठेवा.

मालक गेले. आता दीर काय करतील? मृत्यू दाखला, ट्रान्समिशनचा फॉर्म आणि स्वतःची केवायसी एवढ्यावर शेअर त्यांच्या डीमॅट खात्यात येतात. सेबीने नॉमिनीसाठी कागद मुद्दाम कमी ठेवले आहेत. त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र किंवा हमीपत्र मागितलं जात नाही. शेअर दिरांच्या खात्यात गेले की ब्रोकरची जबाबदारी संपली. "पण बायको तर मी आहे" असं तिथल्या काउंटरवर कितीही सांगितलं तरी उपयोग नाही, कारण वारसांचा आपसातला वाद मिटवणं हे त्यांचं काम नाही.

आता मालक कोण ते बघू. आपल्याला, म्हणजे जैनांनाही, वारशासाठी १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होतो. मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. प्रत्येकाला सारखा वाटा. म्हणजे १२ लाखांचे चार भाग, ३-३ लाखांचे: सासूबाई, सून, नातू आणि नात. नात लग्न होऊन गेली तरी तिचा वाटा तेवढाच. भाऊ पहिल्या वर्गात नाही. दिरांच्या खात्यात पूर्ण १२ लाख आणि त्यांचा वाटा शून्य.

दीर सरळ माणूस असेल तर ते चौघांना त्यांचे शेअर देऊन टाकतील. इथे पूर्वी एक त्रास होता. नॉमिनीने वारसाला शेअर दिले की नोंदींमध्ये ते विक्रीसारखे दिसायचे, आणि आयकर खात्याकडून भांडवली नफ्याची विचारणा व्हायची. सेबीने १ जानेवारी २०२६ पासून अशा हस्तांतरासाठी वेगळा संकेत ठेवला आहे, TLH. नॉमिनीने वारसाला शेअर देताना कारणाच्या जागी हाच संकेत पडला आहे ना, ते बघून घ्यायचं. पुढे वारसाने शेअर विकले तर नफा काढताना गेलेल्या माणसाने ज्या किमतीला आणि ज्या तारखेला घेतले तीच किंमत आणि तारीख धरतात. म्हणून जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट किंवा खरेदीची नोंद फेकायची नाही.

दीर सरळ नसतील तर? सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सुनेच्या बाजूने आहे, पण तो वापरायला तिला दावा लावावा लागेल, आणि दिरांनी शेअर विकू नयेत म्हणून मनाईहुकूम मागावा लागेल. शेअर विकून पैसे खर्च झाल्यावर मागे लागणं फार अवघड. म्हणून मी म्हणते, निकाल आपल्या बाजूचा आहे आणि तरीही रकान्यातलं नाव महत्त्वाचं आहे. हक्क कायदा देतो, पण पहिल्या दिवशी वस्तू कोणाच्या हातात पडणार ते त्या रकान्यावर ठरतं. काही मैत्रिणी निकालाची बातमी वाचून म्हणतात, "मग नॉमिनी कोणी का असेना, शेवटी वारसालाच मिळणार." ते मला पटत नाही. मिळणार हे खरं, पण कोर्टाच्या पायऱ्या चढून मिळणार.

आता याच घरात नॉमिनीचा रकाना कोरा होता असं धरू. मग काय होईल? एकट्या माणसाच्या डीमॅट खात्यात १५ लाखांपर्यंतचे शेअर असतील तर सेबीने २०२२ पासून सोपी वाट दिली आहे, कोर्टात जावं लागत नाही. आपल्या उदाहरणात १२ लाख आहेत, म्हणजे ही वाट चालेल. सून अर्ज करेल. वारस कोण कोण आहेत याचं प्रतिज्ञापत्र सगळ्या वारसांनी नोटरीपुढे करायचं. सुनेने हमीपत्र द्यायचं की उद्या कोणी दावा केला तर जबाबदारी माझी. आणि सासूबाई, मुलगा, मुलगी या तिघांनी ना-हरकत द्यायची, किंवा चौघांनी मिळून कौटुंबिक वाटणीचा लेख करायचा.

कागद फार नाहीत, पण प्रत्येक सही लागते. सासूबाई आजारी असतील, मुलगी परदेशात असेल, मुलाचं आणि आईचं पटत नसेल, तर एका सहीवाचून सगळं थांबतं. आणि १५ लाखांच्या वर रक्कम गेली तर कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र, मृत्युपत्राचं प्रोबेट, किंवा आपल्या महाराष्ट्रात १८२७ च्या जुन्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालय देतं तो वारस दाखला, यांपैकी काहीतरी दाखवावं लागतं. त्यासाठी वकील, जाहीर नोटीस, तारखा हे सगळं आलं. वडगावच्या कोर्टाच्या आवारात शेअरच्या कागदांसाठी ताटकळलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. नवऱ्याने दहा मिनिटं काढून एक नाव लिहिलं असतं तर त्या तिथे नसत्या.

इथे मुलींसाठी एक शब्द. आपल्याकडे वडील गेले की माहेरून फोन येतो, "बेटा, येऊन सही करून जा." मुली सुतक संपायच्या आत सही करून जातात, काय लिहिलंय ते बघत नाहीत. आईच्या नावावर शेअर जावेत म्हणून ना-हरकत देणं ही चांगली गोष्ट आहे, मीही ती देईन. पण कागद कोणाच्या नावाचा आहे, आईच्या की भावाच्या, आणि फक्त या शेअरपुरता आहे की सगळ्याच मिळकतीचा, एवढं वाचून मगच सही करावी. यात कोणाचा अपमान होत नाही.

आता तिसरी शक्यता, जी सगळ्यांना आदर्श वाटते. नॉमिनीच्या रकान्यात पत्नीचंच नाव आहे. तरीसुद्धा दोन गोष्टी अडवतात. पहिली अशी की मृत्युपत्र नसेल तर तीही सांभाळणारीच. १२ लाख तिच्या खात्यात आले तरी त्यातले तिचे ३. सासूबाई किंवा मुलं वाटा मागू शकतात, आणि त्यांचं मागणं कायद्याने बरोबर असेल. नवऱ्याची इच्छा सगळं पत्नीला मिळावं अशी असेल तर ती मृत्युपत्रातच लिहावी लागेल. स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या शेअरबाबत ते त्यांना पूर्णपणे करता येतं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी केलीच पाहिजे असंही नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नॉमिनीच्या फॉर्मने हे काम होत नाही, हाच साळगावकर निकालाचा गाभा आहे. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र, दोन्ही पाहिजे, आणि शक्यतो दोन्हींत एकच नाव पाहिजे.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती कोर्टाने सुटत नाही आणि ती पूर्णपणे आपल्या हातात आहे. शेअर नॉमिनीकडे यायचे तर नॉमिनीचं स्वतःचं डीमॅट खातं लागतं आणि नॉमिनीची केवायसी पूर्ण लागते. फंडांच्या बाबतीत डीमॅट नसलं तरी चालतं, युनिट तिच्या नावाच्या फोलिओत येतात, पण केवायसी तिथेही लागतेच. आणि आपल्या बायकांची केवायसी अडते ती नावावर.

बघा ना. दहावीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे. लग्नानंतर नवऱ्याचं नाव मधे, आडनाव सासरचं, कधीकधी पहिलं नावही बदललेलं. पॅन कार्ड लग्नाआधीचं, आधार कार्ड लग्नानंतरचं. त्यात आपल्या समाजाची आणखी एक भर. कोणी आडनाव ओसवाल लावतं, कोणी गोत्राचं बाफना किंवा मुथा, कोणी सरळ जैन. एकाच बाईचं पॅनवर जैन, आधारवर बाफना आणि बँकेच्या पासबुकात नवऱ्याच्या आद्याक्षरासह तिसरंच. माणसांना कळतं की ही तीच बाई. संगणकाला कळत नाही. मी कॉमर्स शिकले तेव्हा शेअर सर्टिफिकेट कागदाचं असायचं, आणि त्यावरची सही जुळली की काम भागायचं. आता पॅन, आधार आणि बँक या तिन्हींतलं नाव आणि जन्मतारीख जुळावी लागते.

स्वतःची केवायसी कुठे आहे हे घरबसल्या बघता येतं. केवायसीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्था आहेत, त्यांना केआरए म्हणतात. त्यांच्या संकेतस्थळावर आपला पॅन टाकला की स्थिती दिसते. Validated दिसलं तर सगळं ठीक, कोणत्याही नव्या फंडात पुन्हा कागद द्यावे लागत नाहीत. Registered दिसलं तर जिथे आधीपासून गुंतवणूक आहे तिथे चालेल, नव्या ठिकाणी पुन्हा केवायसी करावी लागेल. On Hold दिसलं तर काहीतरी जुळत नाही: पॅन आधारशी जोडलेला नाही, किंवा मोबाईल, ईमेल यांची खात्री झालेली नाही. ते दुरुस्त होईपर्यंत व्यवहार अडतात. काहीच दिसलं नाही तर केवायसी झालेलीच नाही.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी आधार कार्डावरचं नाव ठरवा, तेच पुढे कायम ठेवायचं. मग पॅनवरचं नाव त्याप्रमाणे करून घ्या. मग बँक. आणि सगळ्यात शेवटी केवायसी. उलट केलं तर प्रत्येक टप्प्यावर अर्ज परत येतो. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र हाताशी ठेवा.

मोबाईलचंही असंच. आधारला जोडलेला नंबर कोणाचा आहे? पुष्कळ घरांत बायकोच्या आधारला नवऱ्याचा नंबर असतो. ते गेले, मुलाने महिन्याभरात सिम बंद केलं, आणि आईचा ओटीपी हवेत गेला. मग नवीन नंबर जोडायची खटपट करावी लागते, आणि ती नेमकी त्या दिवसांत, जेव्हा काहीच करावंसं वाटत नाही. आजच तुमच्या आधारला तुमचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. आणि घरात कोणी गेलं तर सगळी कामं होईपर्यंत त्यांचं सिम चालू ठेवा.

पण ते सिम चालू ठेवायचं म्हणजे त्यांचं खातं चालवायचं असं नाही. ही गोष्ट मी कानावर आल्या आल्या नेहमी अडवते. मुलगा म्हणतो, पप्पांचा पासवर्ड मला माहीत आहे, ओटीपी इथेच येतो, शेअर विकून पैसे काढून घेऊ, एवढे कागद कोण करणार! माणूस गेल्या क्षणापासून त्याच्या नावाने व्यवहार करायचा अधिकार कोणालाच नाही. पुढे बहिणीने किंवा काकांनी हरकत घेतली तर तारीख बघून सगळं उघड होतं, आणि मुलगा नसत्या लफड्यात सापडतो. शिवाय १ जानेवारी २०२४ पासून सेबीची नवी पद्धत आहे. एका ठिकाणी मृत्यूची खबर आणि दाखला दिला की तिथून ती केआरएकडे जाते आणि त्या पॅनवरची सगळी खाती पैसे काढण्यासाठी बंद होतात. ती अडचण नाही, संरक्षण आहे. खबर आपणच द्यावी, लवकर द्यावी.

मृत्यू दाखल्याबद्दल आपल्या भागातली एक गोष्ट. लोणावळ्यात किंवा तळेगावात माणूस आजारी पडला की बऱ्याचदा पिंपरी-चिंचवडला किंवा पुण्याला हलवतात. तिथल्या दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंद तिथल्या महापालिकेत होते, आपल्या नगरपरिषदेत नाही. दाखला तिथूनच घ्यावा लागतो. घेताना चार-पाच प्रती घ्या आणि दाखल्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळवून बघा. दवाखान्यात घाईघाईत "जैन" लिहिलं आणि डीमॅटवर "ओसवाल" असेल तर पुढे प्रत्येक खिडकीवर तुम्हाला तेच समजावत बसावं लागेल.

गुंतवणूक कुठे कुठे आहे हेच माहीत नसेल तर? ईमेलवर दर महिन्याला किंवा सहा महिन्यांनी एकत्रित खाते विवरण येतं, त्यात एका पॅनवरचे डीमॅट आणि फंड दोन्ही असतात. ते एकदा तुमच्यासमोर उघडायला सांगा. फंडांचे विसरलेले फोलिओ शोधायला सेबीने MITRA नावाची सोयही २०२५ मध्ये सुरू केली. जुन्या कागदी सर्टिफिकेटांकडे विशेष लक्ष द्या. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातात. परत मिळतात, पण IEPF-5 नावाचा फॉर्म भरून आणि बरीच वाट बघून. मिळाले तरी डीमॅट खात्यातच येतात, म्हणून तिथेही तुमचं खातं लागतंच.

आणि म्हणून माझं ठाम मत आहे की प्रत्येक बाईचं स्वतःच्या एकटीच्या नावाचं डीमॅट खातं आत्ताच असावं, त्यात एकही शेअर नसला तरी. खर्चाचं कारण आता उरलेलं नाही. आपलं एकमेव डीमॅट खातं असेल तर ते मूलभूत सेवा खातं म्हणून ठेवता येतं, त्याला बीएसडीए म्हणतात. ४ लाखांपर्यंतच्या शेअरना त्याची वार्षिक फी नसते, ४ ते १० लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये. उघडायला पॅन, मोबाईल जोडलेलं आधार, बँकेचा रद्द केलेला धनादेश, फोटो आणि पांढऱ्या कागदावर सही एवढं पुरतं. ओटीपीने आधारची खात्री होते आणि समोरचा माणूस व्हिडिओवर चेहरा आणि पॅन कार्ड बघतो. आमच्या लोणावळ्याच्या पावसात नेटवर्क मधेच जातं, म्हणून हे काम उघडीप बघून करा, आणि कार्डाची मूळ प्रत हातात ठेवा, झेरॉक्स चालत नाही. मुलाला शेजारी बसवा, पण उत्तरं तुम्ही द्या. आणि ओटीपी कोणालाही वाचून दाखवू नका, फोनवरच्या "बँकेतल्या साहेबांना" तर मुळीच नाही.

खातं उघडताना तुमच्याही नॉमिनीचा रकाना येईल. १ मार्च २०२५ पासूनच्या नियमांप्रमाणे दहा जणांपर्यंत नावं देता येतात आणि कोणाला किती टक्के ते लिहिता येतं. टक्के लिहिले नाहीत तर सारखे धरतात. मुलगा आणि मुलगी दोघांचीही नावं लिहा. आणि तुमचंही मृत्युपत्र करा. बाई मृत्युपत्र न करता गेली तर कायद्याने आधी मुलं आणि नवरा, आणि ते नसतील तर नवऱ्याचे वारस. तिचे आईवडील त्यानंतर. शिकवण्या घेऊन किंवा पापड-खाकरे विकून तुम्ही जमवलेले शेअर तुमच्या म्हाताऱ्या आईला मिळावेत असं वाटत असेल, तर ते तुम्हालाच लिहून ठेवावं लागेल.

घरात हा विषय काढला की कोणीतरी म्हणतं, "अभद्र बोलू नकोस." मी म्हणते, दिवाळीला वहीपूजन करतो तेव्हा मागची बाकी पुढे ओढतोच ना? बाकी कोणाच्या नावावर ओढायची ते लिहिणं अभद्र नाही. आज संध्याकाळी प्रतिक्रमण झाल्यावर ह्यांच्याकडून त्यांच्या डीमॅटचं ॲप उघडून घ्या आणि नॉमिनीचं पान बघा. तिथे दिराचं, सासऱ्यांचं किंवा कोणाचंच नाव नसेल तर बदल तिथल्या तिथे ऑनलाईन करता येतो. मग तुमचा पॅन केआरएच्या पानावर टाकून तुमच्या नावापुढे काय येतं ते बघा. काही जुळत नसेल तर काय दिसलं ते मला लिहा. फक्त पॅनचा नंबर लिहू नका, नावात काय फरक आहे तेवढंच लिहा.